तो ग्लास मडगावच्या बाजारातून आला होता

प्रश्न: पणजीत एका ऑफिसात अकाउंट्सची आठ जणांची टीम बघते, मॅनेजर होऊन दीड वर्ष झालं. एचआरने नाव न घेता फीडबॅक मागवला, त्यात तिघांनी लिहिलंय की माझं बोलणं टोचतं. एकाने तर "मॅडमचा मेसेज दिसला की पोटात गोळा येतो" असं लिहिलंय. मी कधी शिवी दिलेली नाही, बोलते ती कामाबद्दलच. टीमसमोर हा विषय काढू की गप्प राहून सुधारू? आणि कुणी लिहिलं हेच माहीत नाही तर माफी तरी कुणाची मागायची?

उत्तर:

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण मी तिथेच घसरले होते. कुणी लिहिलं हे शोधू नका. मनातल्या मनात पण नको. आठ जणांत अंदाज बांधणं सोपं असतं, कोण "की" ऐवजी "कि" लिहितो, कोण वाक्य संपल्यावर तीन टिंबं देतो हे आपल्याला पाठ असतं, आणि एकदा का अंदाज बांधला की तो माणूस समोर आला की आपला चेहरा बदलतो. त्याला ते कळतं, बाकीच्या सातांना त्याच्याआधी कळतं.

मी दक्षिण गोव्यात समुद्राकडच्या एका रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंग सांभाळायचे. मूळची सावंतवाडीची, लग्नानंतर मडगाव. या लाइनीत बावीस वर्षं झाली, हल्ली नवीन सुपरवायझर लोकांना शिकवते. हाउसकीपिंग म्हणजे घड्याळाशी मारामारी. चेकआउट बाराचं, चेकइन दोनचं, एक निघालेली रूम नीट तयार करायला पाऊण तास जातो आणि सीझनमध्ये एका मुलाच्या वाट्याला चौदा-पंधरा रूम येतात, त्यातल्या निम्म्या निघालेल्या असल्या की गणित कुणीही करावं. माझा आवाज मुळातच मोठा, आणि हातात वॉकी.

वॉकी हे नीट समजून घ्या कारण सगळी गोष्ट त्यात आहे. डिपार्टमेंटचा एकच चॅनल असतो. मी "तीनशे बारा कुणी केली?" विचारलं की ते चारही मजल्यांवरच्या मुलांना, पँट्रीत लिनन मोजणाऱ्याला, कंट्रोल डेस्कवरच्या मुलीला, सगळ्यांना एकदम ऐकू जातं. कुणी कॉरिडॉरमध्ये गेस्टच्या बाजूला उभा असेल तर गेस्टला पण. आणि मी तेवढ्यावर थांबायचे नाही. "बाथरूमची काच बघितलीस का? डोळे आहेत ना? का ते घरी ठेवून आलास?" असं. शिवी नाही. मी पण तुमच्यासारखीच म्हणायचे की शिवी कधी दिली नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात एचआरने सर्वे केला. आमचे लोक सत्तावीस, त्यात गोव्याचे, कारवारकडचे, ओडिशाचे, झारखंडचे. निम्मे लोक मोबाइलवर लिंक उघडायला बिचकतात म्हणून कागदाचा फॉर्म होता आणि पेटी. रिपोर्ट माझ्याकडे टाइप होऊन आला, अक्षर ओळखता येऊ नये म्हणून. गुण वगैरे होते, ते मला आज आठवत नाहीत. दोन वाक्यं आठवतात. एक, "मॅडम वॉकीवर बोलतात तेव्हा पूर्ण फ्लोअर हसतो आणि मग कुणीच हसत नाही." दुसरं हिंदीत होतं, त्याचा अर्थ असा की ग्लास फुटला तर मॅडमना सांगण्यापेक्षा मी स्वतःच्या पैशाने बाजारातून आणून ठेवतो.

हे दुसरं वाचल्यावर मला पहिली आठवण काय आली सांगू? दोन महिन्यांपूर्वी एका रूमच्या ट्रेवर दोन ग्लास वेगवेगळे दिसले होते, एक आमचा सरळ आणि एक बुडाशी जरासा निमुळता. मी सप्लायरला फोन करून झाडला होता की तुम्ही मिक्स माल पाठवता. बिचारा शपथा घेत होता. तो ग्लास मडगावच्या न्यू मार्केटातून आला होता, आमच्याच कुठल्यातरी मुलाने, ज्याचा पगार मला माहीत आहे, पन्नास-साठ रुपये घालून, सुट्टीच्या दिवशी बसने जाऊन. आमच्याकडे ग्लास फुटला तर पैसे कापतसुद्धा नव्हते, फक्त ब्रेकेजच्या वहीत लिहायचं. म्हणजे तो पन्नास रुपये कशासाठी देत होता, तर माझी वॉकीवरची दोन वाक्यं ऐकायला लागू नयेत म्हणून.

आता मी शहाणी असते तर इथेच थांबून विचार केला असता. पण मी शोधायला लागले. हिंदीत लिहिलंय, म्हणजे गोव्याचा नाही. ग्लास म्हणजे रूम अटेंडंट, पब्लिक एरियावाला नाही. नवीन मुलगा ग्लास आणायची हिंमत करणार नाही, म्हणजे जुना. असं करत करत मी एका मुलावर आले, झारखंडचा होता, शांत, माझ्याशी कमी बोलायचा म्हणून माझ्या मते तोच. मी त्याला काही बोलले नाही बरं का, उलट जास्तच गोड बोलायला लागले, आणि त्याला दुसऱ्या मजल्यावरून हलवून माझ्या ऑफिसजवळच्या ब्लॉकला घेतलं, "सोपं पडेल" म्हणून. एका महिन्यात त्याने नोकरी सोडली. पुढच्या वर्षीच्या सर्वेत तशीच हिंदी, तशीच वाक्याची ठेवण, फक्त मजकूर वेगळा. लिहिणारा दुसराच कुणीतरी होता आणि तो तिथेच होता. गेलेल्या मुलाला तर मी कशासाठी हलवलं हेसुद्धा कळलं नसेल, किंवा कदाचित चांगलंच कळलं असेल.

म्हणून म्हणते, शोधू नका. आणि एचआरला पण विचारू नका. चांगल्या एचआरमध्ये बहुतेक ठिकाणी असा नियम असतो की चार-पाचपेक्षा कमी उत्तरं आली तर त्या टीमचा वेगळा रिपोर्ट काढायचाच नाही, नाव कळू नये म्हणून. तुमच्या आठांत तो नियम जेमतेम बसतो, त्यामुळे टीमला आधीच धाकधूक असणार. तुम्ही एक जरी प्रश्न विचारलात, "हे अमुक प्रकरणाबद्दल आहे का?" एवढा साधा, तरी पुढच्या वेळी सगळे कोरे फॉर्म येतील आणि तुम्हाला वाटेल सुधारलं सगळं.

सगळ्या कॉमेंट एका मापाने मोजायच्या नाहीत हे पण खरं. एकाच माणसाने चिडून लिहिलंय, त्याची रजा नाकारली होती, असं होऊ शकतं. मी एवढंच बघते की वाक्यात प्रसंग आहे का, जागा आहे का, वेळ आहे का. "मॅडम वाईट आहेत" याचं काही करता येत नाही. "मॅडमचा मेसेज दिसला की" यात जागा आहे, मेसेज. आणि आठात तिघांनी तेच म्हणणं म्हणजे न लिहिलेले अजून एक-दोन धरून चाला. हां, कुणी जातीवरून, गावावरून, बाई आहे म्हणून बोलल्याचं लिहिलं असेल तर ते टोनचं प्रकरण राहत नाही, ती तक्रार आहे आणि ती एचआरनेच बघायची, तुम्ही नाही.

एक गोष्ट बायका मला नेहमी विचारतात, पुरुष मॅनेजर असंच बोलला तर त्याला कडक म्हणतात आणि आम्हाला तुसडी. खरं आहे ते. माझ्या आधीचा माणूस माझ्यापेक्षा जास्त ओरडायचा आणि त्याच्या निरोपाला केक कापला होता. पण म्हणून तो मुलगा न्यू मार्केटला जायचा थांबत नव्हता.

आता टीमसमोर काढायचं की नाही. काढायचं, पण पहिल्यांदा मी ते कसं केलं तसं नको. सकाळच्या ब्रीफिंगला सगळे रांगेत उभे, ट्रॉल्या भरलेल्या, आणि मी म्हणाले, "सर्वे वाचला, कुणाला काही वाटत असेल तर माझी केबिन कधीही उघडी आहे, मी मनाने वाईट नाही, काम चांगलं व्हावं म्हणून बोलते." कुणी आलं नाही. येणार कोण? जो यायला घाबरतो म्हणून नाव न लिहिता लिहितो त्यालाच मी नाव घेऊन या म्हणत होते. आणि "मनाने वाईट नाही" हे माझ्याबद्दल झालं, त्यांच्याबद्दल काहीच नाही.

माझी एक सुपरवायझर होती, केप्याकडची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. सगळ्यांसमोर मॅडम म्हणायची पण पँट्रीत दोघीच असलो की बाय म्हणायची. तिने त्या दिवशी टॉवेल घड्या घालता घालता म्हटलं, "तूं सांगता तें बरोबर आसता गो बाय, पूण सगल्यां मुखार कित्याक?" एवढंच. सगळ्यांसमोर कशाला. मला वाटत होतं प्रश्न आवाजाचा आहे, शब्दांचा आहे, स्वभावाचा आहे, आणि स्वभाव कुठे बदलतो असं म्हणून मी स्वतःला माफ करत होते. तिने तो सोडवता येईल एवढा लहान करून दिला.

दुसऱ्या आठवड्यात मी ब्रीफिंगला तीनच वाक्यं बोलले, घरून पाठ करून आले होते. "वॉकीवर मी नाव घेऊन सगळ्यांसमोर बोलते, ते चुकीचं आहे, सॉरी. आजपासून वॉकीवर फक्त रूम नंबर आणि काम, बाकीचं बोलणं समोरासमोर किंवा चॅनल सातवर. मी विसरले तर कुणीही 'मॅडम, चॅनल सात' म्हणा." चॅनल सात आमच्याकडे रिकामा असायचा. चर्चा नाही, कुणाला मत विचारलं नाही, ट्रॉल्या घेऊन चला म्हटलं.

असं का केलं ते सांगते. "मी नीट बोलेन" हे वचन पाळलं की मोडलं हे कुणालाच ठरवता येत नाही, मला वाटतं मी नीट बोलले, त्याला वाटतं नाही. वॉकीवर नाव घेतलं की नाही हे मात्र सत्तावीस जणांना एकदम कळतं. आणि माफी कुणाची मागायची हा प्रश्न पण त्यात सुटतो, ज्या गोष्टीमुळे लागलं त्या गोष्टीचं नाव घेऊन मागायची, ज्याला लागलं तो ओळखतो.

तीन आठवडे कुणी काही म्हटलं नाही. मी दोनदा विसरले, दोन्ही वेळा शांतता, वॉकीवरची शांतता फार वाईट असते, नुसती खरखर. मग चवथ जवळ आली. आमच्याकडे चवथ म्हणजे अर्धा स्टाफ गावी, गोव्याचा माणूस चवथीला घरी जाणारच, आणि नेमका लाँग वीकेंड लागून हॉटेल भरलेलं. दुपारी पावणेदोनला एक फॅमिली लॉबीत उभी, रूम तयार नाही, आत जाऊन बघते तर कपाटाच्या आत बुरशी. पावसाळ्यात होतं ते, रूम दोन-तीन दिवस बंद राहिली, एसी बंद, की लाकडावर पांढरं येतंच. मी वॉकी उचलला आणि नाव घेऊनच सुरू केलं, "अरे, हे कपाट उघडून तरी बघितलंस..." आणि मध्येच लिननवाल्या पोराचा आवाज, एकोणीस वर्षांचा होता, जेमतेम ऐकू येईल असा, "मॅडम, चॅनल सात."

खरं सांगते, त्या सेकंदाला मला त्याचाच राग आला. लॉबीत गेस्ट, हातात बुरशी लागलेला हँगर, आणि हा पोरगा मला शिकवतोय. पण सगळे ऐकत होते हे मला पण कळत होतं. मी "ओके" म्हटलं आणि सात लावला. सातवर तो रूमवाला मुलगा म्हणाला, मॅडम काल मी कपाट बघितलं होतं, तेव्हाच थोडं होतं, मी पुसलं, पण सांगितलं नाही. का नाही सांगितलं हे मी विचारलं नाही, मला माहीत होतं. फॅमिलीला दुसरी रूम दिली. त्या मुलाशी संध्याकाळी बोलले, ते बोलणं कडकच होतं, कारण काल सांगितलं असतं तर मेंटेनन्सला डीह्युमिडिफायर लावायला एक पूर्ण दिवस मिळाला असता. काम चुकलं तर बोलायचंच, ते कमी करायचं नाही. फक्त ते त्याच्याशी बोलायचं, चार मजल्यांशी नाही.

त्यानंतर वही बदलली. कुणाला पटो न पटो, माझ्यासाठी खरा फीडबॅक तीच होती. आधीच्या वर्षभर ब्रेकेजच्या वहीत आठवड्याला जेमतेम दोन-तीन नोंदी असायच्या आणि मी मीटिंगमध्ये अभिमानाने सांगायचे की माझ्या डिपार्टमेंटला तुटफूट कमी. चवथीनंतर नोंदी चार-पाच पटीने वाढल्या. ग्लास, कप, किटलीचं झाकण, पडद्याचा हूक, एसीतून थेंब पडतोय, बाथरूमचा दरवाजा घासतोय. जीएमनी बोलावून विचारलं की तुझ्याकडे हे काय चाललंय, एकदम एवढी तुटफूट? मी म्हटलं सर, तुटत पहिल्यापासून एवढंच होतं, आता फक्त मला सांगतात. त्यांना ते पटायला वेळ लागला, गेस्टच्या एसीच्या तक्रारी खाली यायला लागल्या तेव्हा पटलं, कारण थेंब पडतोय हे गेस्टच्या आधी आम्हाला कळत होतं.

हे फक्त आमच्याच हॉटेलचं नाही. अमेरिकेत एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना उलटंच दिसलं, जिथे नर्सेसची टीम चांगली तिथे नोंदलेल्या चुका जास्त. त्या शेवटी त्याच निष्कर्षाकडे आल्या, की चांगल्या टीममध्ये चुका जास्त होत नसाव्यात, चुकांबद्दल बोललं जास्त जातं. मला हे बऱ्याच वर्षांनी एका ट्रेनिंगमध्ये कळलं आणि मी त्या वर्गात एकटीच हसले.

तर तुमच्याकडचा वॉकी कुठला ते बघा. माझा अंदाज, ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मागचे दोन महिने वर स्क्रोल करा आणि स्वतःचे मेसेज परक्याचे असल्यासारखे वाचा. शिवी शोधू नका, ती नसेलच. प्रश्नचिन्हं शोधा. "हे कुणी पाहिलंच नाही का?", "दहा वेळा सांगायचं का?", "जीएसटीची तारीख माहीत नाही का?" हे प्रश्न नाहीत, याला उत्तर नसतं, समोरचा फक्त खाली मान घालू शकतो. त्याच जागी मी काय लिहिते तर काय दिसलं, काय हवं, कधीपर्यंत. "अमुक पार्टीचं बिल दोनदा एंटर झालंय, आज चारच्या आत एक काढून टाका." कोरडं वाटतं, वाटू दे, कोरड्या मेसेजने पोटात गोळा येत नाही.

अजून एक बारीक बघा, तू आणि तुम्ही. गोव्यात आपण मराठी, कोंकणी, हिंदी सगळं मिसळून बोलतो आणि राग आला की तुम्हीचा तू होतो हे आपल्याला कळतही नाही. माझ्या लोकांना ते बरोबर कळायचं, मी हिंदीत "आप" वरून "तुम" वर आले की ट्रॉल्यांचा स्पीड वाढायचा असं मला नंतर सांगितलं. ज्याला एरवी तुम्ही म्हणता त्याला चुकीच्या वेळी पण तुम्हीच म्हणा, एवढं एक धरलं तरी निम्मी धार आपोआप जाते, कारण "तुम्हाला डोळे आहेत ना" हे वाक्य तोंडातून नीट निघतच नाही.

सोमवारी टीमला एवढंच सांगा की फीडबॅक वाचला, ग्रुपवर चूक दाखवून बोलणं बंद, चूक असेल त्याला वेगळा मेसेज किंवा डेस्कपाशी, ग्रुपवर फक्त तारखा आणि फाइली. विसरले तर कुणीही ग्रुपवर एक टिंब टाका, मी समजेन. टिंब पहिले काही आठवडे येणार नाही. आलं की ते कुणी टाकलं त्याच्याकडे बघू नका, मेसेज डिलीट करा, त्या माणसाला वेगळा पाठवा, आणि ग्रुपवर "ओके" लिहा. मग महिना-दीड महिना मोजत बसा की कोण स्वतःहून येऊन म्हणतं, मॅडम माझ्याकडून एक एंट्री चुकलीय. पहिला येईल तेव्हा तुमचा चेहरा कसा होतो त्यावर दुसरा येणार की नाही ते ठरतं. माझा तर पहिल्या वेळी वाकडाच झाला होता, कारण त्याने एका वेळी सहा ग्लास फोडले होते.